काळ ओळखण्याची कार्यपत्रिका: वाक्य शेवटाकडून वाचा

दोन वर्षांपूर्वी आम्ही इंदूरहून पुण्यात राहायला आलो. घरात मराठी बोलतो, पण लेकीचे पाचवीपर्यंतचे शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत झालेले. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे सहावीत तिला मराठी विषय आला. पहिल्याच महिन्यात ‘काळ व त्याचा प्रकार ओळखा’ अशी वीस वाक्यांची कार्यपत्रिका मिळाली. त्यातली अकरा उत्तरे चुकली, आणि त्यांपैकी तीन मी सांगितलेली होती.

तिला व्याख्या पाठ होत्या. चूक निराळीच होती. ती वाक्याचा अर्थ डोळ्यांपुढे आणून ‘हे आत्ता चाललंय की होऊन गेलंय’ असा विचार करत होती आणि मीही तेच करत होते. कार्यपत्रिकेत मात्र क्रियापदाचे रूप विचारलेले असते. रूप आणि अर्थ बहुतेक वेळा जुळतात, पण परीक्षेत नेमकी न जुळणारी वाक्ये येतात. पुढचे वर्षभर दर आठवड्याला अशी एक कार्यपत्रिका सोडवत आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे पायरीपायरीने देते आहे.

हाताशी काय हवे

शाळेचे पाठ्यपुस्तक, तपासून आलेली जुनी कार्यपत्रिका, दोन रंगांच्या पेन्सिली (आम्ही लाल आणि निळी वापरतो) आणि एक कोरी पट्टी. पट्टी वाक्याचा सुरुवातीचा भाग झाकायला लागते. एक गोष्ट आधीच पाहून ठेवा: शाळा प्रत्येक काळाचे तीन प्रकार शिकवते आहे की चार. साधा, अपूर्ण आणि पूर्ण हे तीन सगळीकडे असतात. ‘रीती’ हा चौथा प्रकार काही इयत्तांत येतो, काहींत नाही. शिवाय ‘अपूर्ण’ आणि ‘चालू’ ही एकाच प्रकाराची दोन नावे आहेत. वर्गात जे नाव शिकवले असेल तेच उत्तरात लिहावे.

## १. वाक्य झाका, क्रियापद उघडे ठेवा

मराठी वाक्यात क्रियापद साधारणपणे शेवटी येते. पट्टीने बाकीचे वाक्य झाकून फक्त शेवटचे एक-दोन शब्द वाचायचे. ‘आजी अंगणात तांदूळ निवडत आहे’ यातले ‘निवडत आहे’ एवढेच दिसले पाहिजे.

काल, आज, उद्या, रोज, आत्ता हे शब्द पट्टीखाली जातात, हा यातला मोठा फायदा. ‘दादा उद्या सांगलीला जातो’ हे वाक्य घ्या. ‘उद्या’ दिसला की मूल भविष्यकाळ लिहिते. पण ‘जातो’ हे साध्या वर्तमानकाळाचे रूप आहे. लवकरच घडणारी, ठरलेली गोष्ट आपण वर्तमानकाळाच्या रूपात सांगतो. निरोप घेताना ‘येतो हं’ म्हणतो तेही तसेच. रूप विचारले असेल तर उत्तर साधा वर्तमानकाळ. ‘अर्थाच्या दृष्टीने काळ कोणता’ असे स्वतंत्र विचारले असेल, तरच भविष्यकाळ.

## २. लाल पेन्सिल: शेवटचा शब्द काळ सांगतो

शेवटचा शब्द ‘असणे’ या क्रियापदाचे रूप आहे का ते पाहा. आहे, आहेस, आहेत, आहोत असे काही असेल तर वर्तमानकाळ. होता, होती, होते, होतो, होतीस असेल तर भूतकाळ. असेल, असेन, असशील, असाल, असतील असेल तर भविष्यकाळ. त्या शब्दाखाली लाल रेघ ओढा आणि काळ लिहून टाका.

शेवटी यांपैकी काहीच नसेल, तर क्रियापद एकाच शब्दाचे आहे आणि काळही त्याच शब्दाच्या शेपटात आहे. जातो, जाते, जातात, जातेस: यांत ‘त’ आहे, म्हणून वर्तमान. गेला, गेली, गेले, गेलो, गेलीस: यांत ‘ल’ आहे, म्हणून भूत. जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील ही भविष्याची रूपे. यांतल्या ‘जाल’ आणि ‘जातील’ मध्येही ल दिसतो, म्हणून नुसते अक्षर शोधू नका, पूर्ण रूप वाचा. ‘बोलतो’, ‘चालते’ यांतला ल तर मूळ धातूतलाच आहे. माझ्या लेकीने ‘ती भराभर चालते’ ला भूतकाळ लिहिले होते, ते याच ल मुळे. धातू वेगळा काढून (चाल + ते) उरलेला प्रत्यय पाहिला की ही चूक होत नाही.

## ३. निळी पेन्सिल: त्याच्या आधीचा शब्द प्रकार सांगतो

आता लाल रेघेच्या डावीकडचा शब्द पाहा. इथे तीनच शक्यता आहेत.

तो शब्द ‘त’ वर संपणारे धातूचे रूप असेल (निवडत, बघत, खात, लिहीत), तर प्रकार अपूर्ण. काही पुस्तकांत ‘निवडते आहे’ असेही रूप असते, तेही अपूर्णच.

तो शब्द ल वाले रूप असेल (निवडले, थांबला, पोहोचली), तर प्रकार पूर्ण.

आणि तो शब्द क्रियापदच नसेल, तर प्रकार साधा. ‘मुले गच्चीवर आहेत’ या वाक्यात ‘आहेत’ च्या आधी ‘गच्चीवर’ आहे. तिथे ‘असणे’ हेच मुख्य क्रियापद झाले, म्हणून साधा वर्तमानकाळ. ‘आहे’ दिसले की अपूर्ण, अशी मुलांची समजूत होते, आणि ती मोडायला वेळ लागतो. ‘दार उघडे आहे’ आणि ‘दार उघडले आहे’ ही जोडी शेजारी लिहून दाखवा. पहिल्यात ‘उघडे’ हे विशेषण आहे, म्हणून साधा वर्तमान. दुसऱ्यात ‘उघडले’ हे क्रियापदाचे रूप आहे, म्हणून पूर्ण वर्तमान.

हिंदीतून आलेल्या मुलांसाठी इथे एक वेगळा खड्डा आहे. हिंदीत ‘राम आम खाता है’ हा साधा वर्तमान. त्याच बेताने मूल ‘राम आंबा खात आहे’ हाही साधा वर्तमान समजते, कारण दोन्हीकडे ‘है’ आणि ‘आहे’ शेवटी बसलेले दिसतात. मराठीत मात्र साध्या वर्तमानात मुख्य क्रियापदापुढे ‘आहे’ लागतच नाही: ‘राम आंबा खातो’. आमच्या अकरा चुकांपैकी चार या एकाच कारणाने झाल्या होत्या.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. ‘बाळ पाळण्यात झोपले आहे.’ बाळ आत्ता झोपेत आहे, हिंदीत ‘सो रहा है’ म्हणतात, म्हणून मूल अपूर्ण वर्तमान लिहिते. पण निळ्या पेन्सिलीखाली ‘झोपले’ येते, तेव्हा पूर्ण वर्तमान. मराठी इथे असा विचार करते की झोपी जाण्याची क्रिया पूर्ण झाली आणि तिची स्थिती उरली. बसला आहे, उभी राहिली आहे, निजले आहे ही सगळी त्याच घरातली. ‘मामा गावाला चालला आहे’ यात तर मामा अजून वाटेत असतो किंवा निघायच्या बेतात असतो, तरी रूप पूर्ण वर्तमानाचेच आहे. अशा वाक्यांशी अर्थावरून वाद घालत बसलात तर उत्तर चुकते. पेन्सिल जे दाखवते ते लिहा.

## ४. बोलीतली जोडरूपे सोडवून घ्या

पुस्तकातल्या संवादांत आणि म्हणून कार्यपत्रिकेतही ‘करतोय’, ‘केलंय’, ‘गेलाय’, ‘बघतेय’ अशी रूपे येतात. यांत शेवटचा ‘य’ म्हणजे आक्रसलेले ‘आहे’. तो सुटा करून बाजूला लिहा: करतो आहे, केले आहे, गेला आहे, बघते आहे. मग तिसरी पायरी लावा. ‘तो अभ्यास करतो’ साधा आणि ‘तो अभ्यास करतोय’ अपूर्ण, फरक एका अक्षराचा आहे.

## ५. ‘होते’ आले की थांबा

मराठी मातृभाषा असलेली मुलेही ज्या शब्दावर अडखळतात तो हा. ‘असणे’ चा भूतकाळ होता, होती, होते, होतो असा होतो. आणि ‘होणे’ या वेगळ्याच क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ होतो, होते, होतात असा. दोघांची काही रूपे हुबेहूब सारखी दिसतात.

‘यात्रेत फार गर्दी होती’ आणि ‘यात्रेत फार गर्दी होते’. फक्त एका मात्रेने काळ बदलला. पहिले साधा भूतकाळ, दुसरे साधा वर्तमान. इथे निदान मात्रा तरी वेगळी आहे. ‘मला काम होते’ आणि ‘मध घातला की खोकला कमी होते’ असे लिहिणाऱ्या मुलाला मात्र दोन्हीकडे तेच अक्षर दिसते. (दुसऱ्या वाक्यात खोकला पुल्लिंगी असल्याने ‘कमी होतो’ हवे, हेही त्याच वेळी सांगा.) ‘मी घरी होतो’ हा भूतकाळ आणि ‘पावसाने चिखल होतो’ हा वर्तमानकाळ, रूप एकच.

याला एक खात्रीची चाचणी आहे: वाक्य नकारार्थी करून पाहा. ‘गर्दी होत नाही’ असे झाले तर मूळ क्रियापद ‘होणे’, म्हणून वर्तमानकाळ. ‘गर्दी नव्हती’ असे झाले तर मूळ क्रियापद ‘असणे’, म्हणून भूतकाळ. ‘मला काम नव्हते’ असे आपण म्हणतो, म्हणून ‘मला काम होते’ भूतकाळ. ‘चिखल होत नाही’ म्हणतो, म्हणून ‘चिखल होतो’ वर्तमान. ज्या मुलाच्या कानावर मराठी कमी पडली आहे, त्याला ही चाचणी एकट्याने करता येत नाही. त्याच्याबरोबर बसून दोन्ही नकार मोठ्याने म्हणून दाखवावे लागतात. पाच-सहा वाक्यांत कान तयार होतो.

उलट, कार्यपत्रिकेतले वाक्य मुळातच नकारार्थी असेल तर ते होकारार्थी करून ओळखायचे. ‘मी चहा पीत नाही’ चे ‘मी चहा पितो’, म्हणून साधा वर्तमान. ‘पीत’ दिसल्यामुळे अपूर्ण लिहिण्याची घाई होते. ‘त्याने डबा खाल्ला नाही’ चे ‘त्याने डबा खाल्ला’, म्हणून साधा भूत. शेवटचा ‘नाही’ वर्तमानासारखा वाटतो, पण एकटा ‘नाही’ काळ ठरवत नाही.

## ६. एक कार्यपत्रिका सोडवून पाहू

पुढची आठ वाक्ये मी लेकीच्या सरावासाठी केली होती. आधी स्वतः सोडवा.

१. आईने भाकरी केली.
२. आम्ही एसटीची वाट बघत होतो.
३. पाऊस थांबला होता.
४. एव्हाना गाडी साताऱ्याला पोहोचली असेल.
५. तुम्ही या वेळी अभ्यास करत असाल.
६. ताई परवा नोकरीवर रुजू होईल.
७. आजोबांनी चष्मा कपाटात ठेवलाय.
८. सूर्य पूर्वेला उगवतो.

पहिल्यात क्रियापद एकच शब्द, ‘केली’, म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यात लाल रेघ ‘होतो’ खाली, निळी ‘बघत’ खाली: अपूर्ण भूतकाळ. तिसऱ्यात लाल ‘होता’, निळी ‘थांबला’: पूर्ण भूतकाळ. सहावा साधा भविष्यकाळ. सातव्यात ‘ठेवलाय’ सोडवला की ‘ठेवला आहे’, म्हणून पूर्ण वर्तमान. आठवे नेहमीचे सत्य आहे, पण त्यासाठी वेगळा काळ नाही, साधा वर्तमान.

चौथ्या आणि पाचव्याशी जरा थांबू. ‘गाडी पोहोचली असेल’ हा खरे तर अंदाज आहे. गाडी पोहोचली तर ती गोष्ट होऊनही गेली. ‘अभ्यास करत असाल’ हाही आत्ताचा अंदाज असू शकतो. ‘असेल’, ‘असाल’ हे भविष्याचे रूप मराठीत असा तर्क सांगायला सर्रास वापरतात. शालेय उत्तर मात्र रूपावरून: चौथे पूर्ण भविष्यकाळ, पाचवे अपूर्ण भविष्यकाळ. लेकीने विचारले होते, ‘गाडी आधीच पोहोचली, तर भविष्य कसे?’ प्रश्न अगदी योग्य आहे. मुलाने तो विचारला तर झटकू नका. नाव रूपाला दिलेले आहे आणि त्या रूपाचे उपयोग एकाहून जास्त आहेत, एवढे त्याला नीट सांगा.

## ७. ‘काळ बदला’ प्रश्नात कर्त्याकडे पाहा

ओळखता येऊ लागले की पुढचा प्रश्न असतो ‘कंसातल्या सूचनेनुसार काळ बदला’. इथे गुण जातात ते क्रियापदावर नाही, कर्त्यावर. ‘सलीम पत्र लिहितो’ या एका वाक्याची नऊ रूपे वहीत अशी मांडा:

| | साधा | अपूर्ण | पूर्ण |
|---|---|---|---|
| वर्तमान | सलीम पत्र लिहितो. | सलीम पत्र लिहीत आहे. | सलीमने पत्र लिहिले आहे. |
| भूत | सलीमने पत्र लिहिले. | सलीम पत्र लिहीत होता. | सलीमने पत्र लिहिले होते. |
| भविष्य | सलीम पत्र लिहील. | सलीम पत्र लिहीत असेल. | सलीमने पत्र लिहिले असेल. |

चार ठिकाणी ‘सलीमने’ झाले आहे. जिथे ‘लिहिले’ हे ल वाले रूप आले, तिथे कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे गेले. पत्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘लिहिले’. तिथे चिठ्ठी असती तर ‘सलीमने चिठ्ठी लिहिली’, आणि निबंध असता तर ‘लिहिला’. सलीमच्या जागी सलमा असली तरी यात काही बदलत नाही. अपूर्ण रांगेत मात्र बदलते: सलमा पत्र लिहीत होती.

कर्ता ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर ‘ने’ दिसत नाही, पण नियम तोच चालतो. ‘मी पत्र लिहिलो’ हे चूक, ‘मी पत्र लिहिले’ बरोबर. ‘तू’ बरोबर शेवटी स येतो: ‘तू पत्र लिहिलेस’.

कर्म नसलेल्या क्रियापदांना हा ‘ने’ लागत नाही: ‘सलीम गेला’, ‘सलमा हसली होती’. आणि विसरणे, शिकणे, बोलणे यांसारखी थोडी क्रियापदे कर्म असूनही कर्त्याला धरून राहतात: ‘सलमा धडा विसरली’, ‘सलीम कविता शिकला आहे’. ही यादी छोटी आहे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी.

वरच्या तक्त्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे, ती ऱ्हस्व-दीर्घाची. लिहितो आणि लिहिले यांत ‘हि’ ऱ्हस्व; लिहीत आणि लिहील यांत ‘ही’ दीर्घ. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याच्या आधीची इ-कार दीर्घ होते, हा लेखनाचा नियम इथे लागतो. काळ बरोबर ओळखूनही आमचा अर्धा गुण याने दोनदा गेला.

## ८. तक्त्यात न बसणारी रूपे

‘खात असतो’, ‘खात असे’, ‘खात जाईन’ ही रूपे सवय सांगतात. शाळेत चौथा प्रकार शिकवला असेल तर ती अनुक्रमे रीती वर्तमान, रीती भूत आणि रीती भविष्य. ‘असतो’ आणि ‘असे’ हे दुसऱ्या पायरीतल्या लाल यादीत नाहीत, म्हणून ‘खात’ वरून लगेच अपूर्ण लिहू नका. पाठांत आणि कवितांत रीती भूतकाळ मदतीच्या शब्दाशिवायही येतो: ‘आजोबा पहाटे उठत आणि नदीवर जात’, ‘आई गोष्ट सांगे’. तिथे ‘उठत असत’, ‘सांगत असे’ असे वाचून पाहा, लगेच उलगडते.

‘मी जाणार आहे’ आणि ‘मी जाणार होतो’ यांतले ‘णार’ वाले रूप नऊ घरांपैकी कुठल्याच घरात सरळ बसत नाही. लाल पेन्सिल ‘आहे’ दाखवते आणि अर्थ पुढचा असतो. असे वाक्य आले तर अंदाजाने प्रकार लिहू नका, वर्गात ते कसे शिकवले ते विचारून घ्या.

‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ यातल्या ‘असता’, ‘असते’ मुळे पूर्ण भूत वाटते, पण ते संकेतार्थ आहे. ‘बस’, ‘जा’ ही आज्ञार्थाची आणि ‘मुलांनी खेळावे’ हे विध्यर्थाचे रूप. क्रियापदाचे अर्थ हा पुढचा पाठ आहे. काळाच्या कार्यपत्रिकेत असे वाक्य चुकून आलेले दिसले, तर त्याच्यापुढे छोटी खूण करून शिक्षकांना दाखवा.